माफी कशाची, खेद कशाचा?

मराठीत झाल्या गोष्टीबद्दल वाईट वाटतं हे सांगायला तीन शब्द आहेत, आणि तिन्हींचं वजन वेगळं आहे. खेद म्हणजे जे घडलं त्याचं वाईट वाटणं. ते कुणामुळे घडलं हा प्रश्न त्यात येत नाही. शेजाऱ्यांच्या घरी काही वाईट झालं तर आपल्याला खेद होतो, पण म्हणून ते आपण केलेलं नसतं. दिलगिरी हा फारसीतून आलेला शब्द. त्यात मनाला लागलेलं असतं, आणि घडलेल्या गोष्टीशी आपला काही संबंध आहे हेही थोडं मान्य असतं. माफी मात्र चूक माझी आहे हे कबूल केल्याशिवाय मागताच येत नाही.

लग्नाआधी आणि नंतर काही वर्षं मी पुण्यात मराठी शिकवत होते. नववीच्या मुलांना पत्रलेखन शिकवताना हा फरक फळ्यावर लिहायचे, आणि मुलं तो दोन मार्कांसाठी वहीत उतरवून घ्यायची. तबूकला आल्यावर शाळा सुटली. मात्र गेली तीन वर्षं हा दोन मार्कांचा फरक माझ्या रोजच्या कामाचा झाला आहे. माझ्या नणंदबाई, आम्ही त्यांना ताई म्हणतो, पुण्यात दिवाळीचा फराळ करून परदेशी पाठवतात. त्यांच्याकडे सहा बायका काम करतात. ताईंचा हात झाऱ्यावर चांगला चालतो, कीबोर्डवर नाही. म्हणून ग्राहकांच्या ई-मेलना उत्तरं लिहिणं मी घरबसल्या हौसेने अंगावर घेतलं. पुण्याच्या घड्याळापेक्षा आपण अडीच तास मागे. तिकडे रात्रीचे साडेदहा वाजून भट्टी थंड होते, तेव्हा आपल्याकडे आठ वाजलेले असतात. जेवणं उरकली की मी ताईंना फोन लावते आणि दिवसभराचे मेल वाचून दाखवते.

बहुतेक मेल साधे असतात. कुणाला शेवेत लसूण नको असतो, कुणाला पत्ता बदलायचा असतो. पण दर दिवाळीत पाच-सहा मेल असे येतात की वाचून ताई गप्प होतात. त्यातल्याच एका मेलबद्दल आज लिहिते. ग्राहकबाईंची ओळख पटेल असं इथे काही ठेवलेलं नाही. त्या आखातातल्याच एका देशात राहतात, एवढं पुरे.

गेल्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दिवशी, म्हणजे २३ ऑक्टोबरला दुपारी हा मेल आला:

“तुमच्यासारख्या फसव्या लोकांवर विश्वास ठेवला हेच चुकलं. दिवाळीच्या आधी मिळेल अशी गॅरंटी दिली होतीत. पाडवा होऊन गेला आणि आज खोकं आलं. चकलीचा नुसता चुरा. करंज्या महिन्यापूर्वीच्या, शिळ्या, तोंडात घालवत नाहीत. वर ६ किलोचे पैसे घेऊन ४ किलो माल पाठवलात. ही सरळ चोरी आहे. सगळे पैसे आजच्या आज परत करा, नाहीतर इथल्या प्रत्येक मराठी ग्रुपवर तुमचं नाव टाकते.”

सोबत चकलीच्या चुऱ्याचा आणि कुरिअरच्या बिलाचा असे दोन फोटो होते.

त्या रात्री दोन मसुदे तयार झाले. पहिला भाऊजींचा, म्हणजे ताईंच्या यजमानांचा. ते अस्सल पुणेरी आहेत. त्यांचा मसुदा असा: “वहिनी, सरळ लिहा. ऑर्डर उशिरा आपण दिलीत. अटी वाचण्याची तसदी घेतली असती तर हा मेल लिहावा लागला नसता. व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणजे काय ते गूगल करावे.” यातली माहिती खरी होती. पण पुणेरी पाटी दुकानाच्या भिंतीवर शोभते, कारण ती कुणा एकाला उद्देशून नसते आणि वाचणारा हसून पुढे जातो. तीच पाटी एखाद्या बाईच्या इनबॉक्समध्ये तिच्या नावानिशी पडली की ती अपमान होते, आणि अपमान झालेल्या माणसाला वजनाचं गणित दिसत नाही.

दुसरा मसुदा ताईंचा. त्या रडवेल्या झाल्या होत्या. “अगं, लिही की सगळी आमचीच चूक झाली. शिळं गेलं असेल, वजन कमी भरलं असेल, माफ करा, पैसे परत करतो. विषय संपव एकदाचा.” ऐकायला हा मसुदा नम्र वाटतो, आणि रागावलेल्या माणसासमोर असंच नमतं घ्यावं असं आपल्याला लहानपणापासून सांगितलेलंही असतं. मला मात्र भाऊजींच्या मसुद्यापेक्षा याचीच जास्त भीती वाटली.

त्याचं कारण असं. करंज्यांचं सारण ताईंकडे एक मावशी करतात. त्या वर्षानुवर्षं हेच काम करत आल्या आहेत. ८ ऑक्टोबरला सकाळी खोबरं किसून, भाजून, सारण करून त्याच दिवशी करंज्या तळल्या गेल्या. तशी वहीत नोंद होती आणि पाकिटावर तारीखही होती. “शिळं गेलं असेल” असं ताईंनी लिहिलं असतं, तर त्या नम्रतेची किंमत मावशींनी मोजली असती. त्यांनी जुनं सारण वापरलं, असं ताईंनीच लिहून दिल्यासारखं झालं असतं. तेच वजनाचं. “वजन कमी भरलं असेल” म्हणजे काट्यावर बसणाऱ्या मुलीने माप मारलं. समोरच्याचा राग शांत करण्यासाठी खोटा आरोप मान्य केला, की तो उचलून आपण दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर ठेवतो. बहुतेक वेळा ते माणूस त्या खोलीत हजरही नसतं.

शिवाय मेल हा कागद आहे. ग्राहकाने कार्डाने पैसे भरले असतील तर तो आपल्या बँकेकडे तक्रार करून ते परत मागू शकतो. मग बँक विक्रेत्याकडे कागदपत्रं मागते, आणि तेव्हा सगळ्यात वरचा कागद आपलाच मेल असतो. भारतीय साक्ष्य कायद्यात कबुली हा शेवटचा शब्द मानला जात नाही, पण ती खरी नव्हती हे दाखवायची जबाबदारी ती लिहिणाऱ्यावर येते. ब्रिटनने तर २००६च्या एका कायद्यात मुद्दाम लिहून ठेवलं, की नुसती माफी मागणं म्हणजे आपोआप निष्काळजीपणाची कबुली नव्हे. लोक या भीतीने साधं वाईट वाटलं असंही म्हणेनासे झाले, तर ते कुणाच्याच भल्याचं नसतं. खाण्याच्या पदार्थाबाबत तर शिळा माल पाठवल्याची लेखी कबुली हा अन्नसुरक्षेचा विषय होतो. तो “विषय संपव” म्हणून संपत नाही.

त्या रात्री मी खरं उत्तर लिहिलं नाही. फक्त पोच दिली. भारतातल्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि निवारण महिन्याभरात करायचं असतं. पण ४८ तास रागावलेल्या माणसाला फार लांब वाटतात, म्हणून आम्ही त्याच दिवशी पोच देतो. ती अशी होती:

“नमस्कार. आपला मेल आणि दोन्ही फोटो मिळाले. चकली, करंजी, वजन आणि पोचण्याचा दिवस हे आपले चारही मुद्दे मी नोंदींशी ताडून पाहते आहे. शनिवारी संध्याकाळपर्यंत प्रत्येक मुद्द्याचं उत्तर देते.”

या पोचेत बाजू घेतलेली नाही, पण दोन कामं झाली आहेत. मेल वाचला गेला हे कळलं, कारण चारही मुद्दे नावाने लिहिले आहेत. आणि उत्तर कधी येणार हे कळलं. आपली सुट्टी शुक्रवार-शनिवारची, त्यामुळे मुलांच्या शाळेची घाई नसताना मला दोन दिवस मिळाले. शनिवार लिहिला की शनिवारीच उत्तर गेलं पाहिजे. तो दिवस चुकला तर नंतरचं सगळं खरं असूनही खोटं वाटायला लागतं.

मग मी मेल वहीत उतरवला आणि त्यातली विशेषणं खोडली. फसवे, चोरी, तोंडात घालवत नाही, हे सगळं गेलं. त्याला उत्तर द्यायचं नसतं. “आम्ही फसवे नाही” असं लिहिलं तरी वाचणाऱ्याच्या मनात फसवे हाच शब्द राहतो. उरल्या त्या चार गोष्टी, ज्या तपासता येतात. समोर तीन रकाने आखले: खरं, खरं नाही, माहीत नाही. हा तिसरा रकाना फार महत्त्वाचा, कारण तो नसला की माणूस माहीत नसलेल्या गोष्टीही रागाने नाकारतो नाहीतर घाबरून कबूल करतो.

चकली पहिल्या रकान्यात गेली. फोटोत चुरा स्पष्ट दिसत होता. ताईंना विचारलं तेव्हा कळलं, की नेहमी चकली कडक प्लॅस्टिकच्या डब्यात, वर-खाली कागद दाबून जाते. त्या आठवड्यात डबे संपले होते, म्हणून काही ऑर्डरी पाकिटात गेल्या. त्यातलीच ही एक. म्हणजे इथे चूक होती, आणि ती ताईंच्या बाजूचीच होती.

वजन दुसऱ्या रकान्यात गेलं, पण ते नीट समजून घ्यावं लागलं. बाईंनी पाठवलेल्या बिलावर खरंच ६ किलो छापलं होतं. त्यांनी मागवलं होतं ते असं: चकली १ किलो, चिवडा १ किलो, बेसनाचे लाडू १ किलो, शेव अर्धा आणि करंज्या अर्धा किलो. एकूण ४ किलो. मग ६ कुठून आले? विमानाने जाणाऱ्या पार्सलचे पैसे कुरिअर दोन प्रकारे मोजतो आणि जो आकडा मोठा तो धरतो. एक प्रत्यक्ष वजन, दुसरं आकारावरून काढलेलं. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं. हे खोकं ४० बाय ३० बाय २५ होतं. गुणाकार ३०,०००, भागिले ५०००, म्हणजे ६ किलो. चिवडा हलका पण जागा फार खातो, त्यामुळे फराळाच्या खोक्याचं हे नेहमीच होतं. म्हणजे बाईंनी बिल बरोबर वाचलं होतं. त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा खरा नव्हता.

करंज्यांचा मुद्दा फोडून दोन रकान्यांत टाकावा लागला. “महिन्यापूर्वीच्या” हे खरं नाही. त्या ८ तारखेच्या, म्हणजे हातात पडल्या तेव्हा पंधरा दिवसांच्या होत्या. पण चव बिघडली होती का, हे मला तबूकमध्ये बसून कसं कळणार? पार्सलचा माग काढला तेव्हा दिसलं, की ते तिथल्या कस्टम्समध्ये आठवडाभर पडून होतं. खोबऱ्याच्या सारणात आणि तळणीत तेल भरपूर. उष्णता आणि हवा लागली तर ते तेल पंधरा दिवसांतही खवट होऊ शकतं. शिळं आणि खवट या वेगळ्या गोष्टी आहेत, पण खाणाऱ्याच्या जिभेला तो फरक कळत नाही आणि कळायची गरजही नाही. म्हणून तारीख दुसऱ्या रकान्यात, चव तिसऱ्या.

राहिला पोचण्याचा दिवस. खोकं दिवाळीनंतर पोचलं हे खरं. गॅरंटी दिली होती हे मात्र नोंदीत नव्हतं. ऑर्डर ४ ऑक्टोबरची, आणि त्याच दिवशी त्यांना गेलेल्या मेलमध्ये लिहिलं होतं, की ३० सप्टेंबरनंतरच्या ऑर्डरी दिवाळीनंतरही पोचू शकतात आणि अंदाज ७ ते १० कामाच्या दिवसांचा आहे. पार्सल ९ तारखेला कुरिअरकडे गेलं. तिथून मोजलं तर २३ हा दहावा दिवस.

शनिवारी दुपारी हे उत्तर गेलं:

“नमस्कार,

फराळ भाऊबीजेला पोचला, म्हणजे लक्ष्मीपूजन आणि पाडवा त्याच्याविना गेला. सणासाठी मागवलेला फराळ सण सरताना हातात पडला याचा आम्हाला खेद आहे. आपल्या चार मुद्द्यांची उत्तरं अशी:

चकली: ही डब्यात भरायला हवी होती, ती पाकिटात भरली गेली. त्यामुळे तिचा चुरा झाला. ही आमची चूक आहे आणि तिच्याबद्दल मी माफी मागते. चकलीचे ६४० रुपये आज परत पाठवले आहेत.

वजन: फराळ ४ किलो होता आणि पैसे ४ किलोचेच घेतले आहेत. बिलावरचे ६ किलो हे कुरिअरने खोक्याच्या आकारावरून धरलेलं वजन आहे (४० × ३० × २५ सेंमी, भागिले ५०००). बिल पाहून हा प्रश्न पडणं स्वाभाविक आहे. पॅकिंगच्या दिवशीची वजनाची नोंद सोबत जोडली आहे.

करंजी: करंज्या ८ ऑक्टोबरला केल्या. पाकिटाच्या मागे तारीख आहे. पार्सल १३ ते २० ऑक्टोबर कस्टम्समध्ये होतं. त्या काळात चव बदलली का, हे मला इथून सांगता येणार नाही. चव खवट आहे की कुठे बुरशी दिसते, एवढं कृपया कळवावं आणि पाकिटाचा फोटो पाठवावा. बुरशी दिसली तर त्या खाऊ नयेत. आपलं उत्तर आलं की दोन दिवसांत करंज्यांबद्दलचा निर्णय कळवते.

पोचण्याचा दिवस: ४ ऑक्टोबरच्या मेलमध्ये दिवाळीनंतरही पोचू शकेल असं कळवलं होतं. तो मेल सोबत जोडला आहे. दिवाळीपूर्वीची हमी दिलेली नव्हती.

या कारणांमुळे पूर्ण रक्कम परत करता येणार नाही. चकलीचे पैसे परत केले आहेत आणि करंज्यांचा निर्णय आपल्या उत्तरावर होईल.”

या उत्तरात कुठे काय ठेवलं आणि काय टाळलं, ते सांगते.

पहिली गोष्ट क्रमाची. ज्यात आपली चूक होती ते सगळ्यात आधी, कुठलीही पळवाट न ठेवता. “काही गैरसोय झाली असल्यास दिलगीर आहोत” हे वाक्य आपण इतक्या ठिकाणी वाचतो, की हात आपोआप तेच लिहितो. पण “असल्यास” म्हणजे झाली की नाही याची शंका. ज्याच्यासमोर चकलीचा चुरा पडला आहे त्याला ही शंका टोचते. खरी चूक स्वच्छ कबूल केली, की पुढे “हे खरं नाही” म्हणायचा हक्क मिळतो. वाचणाऱ्याला दिसतं, की ही माणसं सगळंच नाकारत नाहीत.

दुसरी गोष्ट “पण” या शब्दाची. खेदाच्या वाक्यानंतर “पण” आला की आधीचा खेद पुसला जातो. “आम्हाला खेद आहे, पण ऑर्डर उशिरा आली होती.” यात वाचणाऱ्याच्या लक्षात फक्त दुसरा भाग राहतो. म्हणून खेदाचं वाक्य पूर्णविराम देऊन संपवलं आणि तारखा चौथ्या मुद्द्यात वेगळ्या ठेवल्या. “आपला गैरसमज झाला आहे” हेही असंच. ते अगदी सभ्य वाटतं, पण समोरच्याला चुकीचं ठरवण्याशिवाय त्याला दुसरा अर्थ नाही.

तिसरी गोष्ट कर्त्याची, आणि इथे मराठी व्याकरण कामाला येतं. “तुम्ही ऑर्डर उशिरा दिलीत” आणि “ऑर्डर ४ ऑक्टोबरची आहे” यात माहिती एकच आहे. पहिल्या वाक्यात बोट दाखवलेलं आहे, दुसऱ्यात तारीख दाखवलेली आहे. वादाच्या प्रत्येक वाक्यात मी तारीख, खोकं, मेल किंवा पार्सल हा कर्ता ठेवला. फक्त चकलीच्या ओळीत “ही आमची चूक” असं माणसाच्या नावाने लिहिलं. ज्यांना सवय आहे ते नेमकं उलट करतात. स्वतःची चूक “घडून येते” आणि दुसऱ्याची “तुम्ही केली” असते. तो उलटा प्रयोग ग्राहक लगेच ओळखतो.

पैसे परत करण्याचंही असंच. कशाचे पैसे हे नाव घालून लिहिलं नाही, तर ते सगळ्या आरोपांची भरपाई म्हणून वाचले जातात. नुसते ६४० रुपये पाठवले असते, तर “चोरी पकडली म्हणून दिले” असं म्हणायला जागा राहिली असती.

अमेरिकेतले वकील आणि मध्यस्थ बिल एडी यांनी अशा उत्तरांसाठी चार कसोट्या सांगितल्या आहेत: उत्तर थोडक्यात असावं, माहिती देणारं असावं, सुरात स्नेह असावा आणि शेवटी ठाम असावं. अतिशय भांडखोर माणसाला लिहिताना माफीही टाळावी असं ते सुचवतात, कारण असा माणूस एका माफीवरून सगळा दोष आपल्यावर टाकतो. मला त्यांचं हे निम्मं पटतं. जी चूक आपली नाही तिच्यासाठी माफी नको. पण जी आहे तिच्यासाठी ती टाळली, तर उत्तर खरं राहत नाही. त्यांच्या इंग्रजीत एकाच “सॉरी”ने खेद आणि माफी दोन्हींचं काम चालतं, त्यामुळे हा पेच मोठा होतो. आपल्याकडे दोन शब्द आहेत, तर ते वेगळे वापरावेत.

रविवारी उत्तर आलं. “वजनाचं कळलं. करंज्या खवट आहेत, बुरशी नाही. पण गॅरंटी ताईंनी स्वतः मला फोनवर दिली होती. मी खोटं बोलत नाही.”

मेल निवळतो आहे हे कसं ओळखायचं, ते इथे दिसतं. विशेषणं गेली होती, चारांतला एक मुद्दा सुटला होता, आणि विचारलेल्या प्रश्नाचं नेमकं उत्तर मिळालं होतं. धमकी परत आली नव्हती. मेल जर निवळत नसेल तर उलट दिसतं: जुने मुद्दे तसेच राहतात आणि नवे आरोप येऊन मिळतात.

फोनचा मुद्दा अवघड होता. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, “मी ‘बहुतेक पोचेल’ म्हटलं असेन. दिवाळीत पन्नास फोन येतात गं, मला कसं आठवणार?” बाईंनी “बहुतेक” ऐकलं नसेल किंवा ताई खरंच “पोचेल” म्हणाल्या असतील. हे तिसऱ्या रकान्यातलं, आणि कायम तिथेच राहणारं. ताईंनी असं म्हटलंच नाही असं लिहिणं जितकं खोटं झालं असतं, तितकंच म्हटलं होतं असं लिहिणंही. म्हणून लिहिलं: “फोनवरच्या बोलण्याची नोंद आमच्याकडे नाही, त्यामुळे आपल्या आठवणीवर मी वाद घालणार नाही. लेखी कळवलं होतं ते ४ ऑक्टोबरच्या मेलमध्ये आहे, आणि निर्णय त्यावरच करावा लागतो. करंज्या प्रवासात खवट झाल्या. त्या ताज्या पाठवल्या होत्या, तरी आपल्याला खाता आल्या नाहीत. म्हणून त्यांचे पैसे आमच्याकडून परत करत आहोत.”

त्यावर एका शब्दाचं उत्तर आलं: “ठीक.” बाईंनी त्यानंतर फराळ मागवलेला नाही. ग्रुपवरही काही टाकलं नाही, निदान आमच्या कानावर तरी आलं नाही. या पद्धतीने ग्राहक परत मिळतोच असं मी म्हणणार नाही. जे झालं नाही ते आमच्या सहीने कागदावर गेलं नाही, आणि बाईंचं जे खरं नुकसान झालं ते भरून निघालं, एवढं मात्र झालं.

या सगळ्याला मर्यादा आहेत. वकिलाची नोटीस आली, कुणी आजारी पडल्याची तक्रार आली किंवा घरी येऊन बघून घेण्याची धमकी आली, तर आपण लिहायचं थांबवावं आणि ज्याचं ते काम आहे त्याच्याकडे द्यावं. आणि उत्तर दिल्यावरही तोच आरोप तिसऱ्यांदा आला, तर नवी कारणं शोधू नयेत. “यावर २५ ऑक्टोबरला कळवलं आहे, त्यात बदल नाही” एवढी एक ओळ पुरते. प्रत्येक वेळी वेगळे शब्द वापरले, की वाचणाऱ्याला वाटतं अजून घासाघीस होऊ शकते.

या वर्षी ताईंनी डबे गणपतीतच मागवून ठेवले. बिलासोबत आता एक चिठ्ठी जाते. तिच्यावर फराळाचं वजन आणि कुरिअरचं वजन शेजारी शेजारी लिहिलेलं असतं, खोक्याच्या मापासकट. ती चिठ्ठी काट्यावरची मुलगी लिहिते आणि खाली स्वतःची सही करते. फोनवर कुणी तारीख विचारली तर ताई म्हणतात, “मेलवर लिहून पाठवते हं.” भाऊजींना हे सगळं फार मवाळ वाटतं. त्यांनी भट्टीच्या दारावर एक पाटी लावली आहे: “बहुतेक हा शब्द येथे विकला जात नाही.” ती पाटी मात्र आम्ही तशीच राहू दिली आहे.